पायाच्या डॉपलरमध्ये दोन्हीकडे ‘मोनोफेजिक’ लिहून आलंय, मग नक्की कुठला पाय बिघडलाय?

निपाणीचा_सुहास

नमस्कार मंडळी. आमच्या आबांचा रिपोर्ट आहे, जरा बघा. वय ६८, शुगर बरीच जुनी. उमेदीत तंबाखूच्या वखारीत होते, बिडी आत्ता कुठे सुटलीय. उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासून जखम झाली, ती चिघळली आणि आता पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे. बेळगावला दाखवलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करून दोन्ही पायांच्या धमन्यांचं डॉपलर करून घेतलं.

गंमत अशी की चालताना दुखतं ते डाव्या पोटरीत. स्टँडवरून घरी येईस्तोवर दोनदा उभं राहावं लागतं. उजवा पाय चालताना कधी दुखला नाही.

रिपोर्टातले वेग लिहितो, सगळे सेंमी प्रति सेकंदात.

उजवा: जांघेत कॉमन फीमोरल ११०, ट्रायफेजिक. मांडीत सुपरफिशियल फीमोरल वरपासून खालपर्यंत ९०-९५. गुडघ्यामागे पॉप्लिटियल ७६, मोनोफेजिक. पावलावर डॉर्सालिस पेडिस ७२, मोनोफेजिक.

डावा: कॉमन फीमोरल १०५, ट्रायफेजिक. सुपरफिशियल फीमोरल वरच्या भागात ८५, खाली गुडघ्याच्या वर २९०. पॉप्लिटियल ३८, मोनोफेजिक. डॉर्सालिस पेडिस २४, मोनोफेजिक.

शेवटी निष्कर्षात एकच ओळ: दोन्ही बाजूंना गुडघ्याखाली मोनोफेजिक प्रवाह. घोट्याचं प्रेशर आणि दंडाचं प्रेशर यांचं गुणोत्तर डावीकडे १.०८ आणि उजवीकडे १.४ च्या वर. डॉक्टरांची पुढची भेट परवा आहे. तोवर घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की जखम उजवीकडे म्हणजे ब्लॉक उजवीकडे. मला ते पटत नाही.

खानापूर_फार्मा

सुहास, यात डोकं खाण्यासारखं काही नाही. ट्रायफेजिक म्हणजे चांगलं, बायफेजिक म्हणजे मध्यम, मोनोफेजिक म्हणजे वर कुठेतरी ब्लॉक. दोन्हीकडे मोनो आहे म्हणजे दोन्ही पाय गेलेत. उजवीकडे जखम आहे तर अँजिओग्राफी आधी उजवीकडची करून घ्या. डावीकडे १.०८ आलंय, ०.९ च्या वर नॉर्मल असतं. तिकडचं नंतर बघता येईल.

आमच्या दुकानात असे रिपोर्ट रोज येतात. ९९ टक्के वेळा हेच असतं.

सुमनमावशी_संकेश्वर

अरे बाळा, आबांना रात्री पायाखाली दोन उशा द्या. मलाही डॉपलर केला होता, पायाच्या शिरा फुगून निळ्या झालेल्या. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले आणि पाय वर ठेवून झोपायला सांगितलं, सूज उतरली की. त्यांनाही तेच मोजे आणा, कॅम्पात मिळतात.

रेडिओवाली

मावशी, थांबा! तुमचा डॉपलर शिरांचा होता, म्हणजे पायातून वर जाणाऱ्या रक्ताचा. आबांचा धमन्यांचा आहे, खाली येणाऱ्या रक्ताचा. धमनीत अडथळा असलेल्या पायाला घट्ट मोजा घातला किंवा पाय उंच ठेवला तर असलेलं रक्तसुद्धा पोचत नाही. सुहास, तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मोजेही नकोत आणि उशाही नकोत.

मी बेळगावात रेडिओलॉजी करते, डॉपलर हे माझं रोजचं काम. इथे बसून निदान करणार नाही, पण लाट कशी वाचतात ते सांगू शकते. आकडे वाचूनच मला दोन पाय वेगळे वाटताहेत. दोन्ही पावलांच्या लाटांचे फोटो टाका. नाव, नंबर कापा, पण डावीकडची उभी पट्टी आणि खालची आडवी पट्टी कापू नका, सगळी गोम तिथेच असते. बहुतेक लोक नेमकी तीच छाटून पाठवतात.

आणि लाल, गरम, सुजलेलं पाऊल परवापर्यंत थांबेलच असं नाही. ताप आला, लाली वर चढायला लागली किंवा अंगठा काळा दिसला तर त्याच क्षणी निघा.

निपाणीचा_सुहास

फोटो टाकलेत. ताप नाही, लालीच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवलीय, तिच्या पुढे सरकलेली नाही.

दोन्ही लाटा शेजारी ठेवल्या तर मला जवळपास सारख्याच दिसतात. दोन्हींची उंची सारखी, दोन्ही बेसलाइनच्या वरच, खाली एकही जात नाही. म्हणजे फार्माभाऊ बरोबर?

रेडिओवाली

सारख्या दिसतात कारण मशीनने त्या सारख्या दिसाव्यात अशा मांडल्यात. आता पट्ट्या बघा.

उजव्या फोटोत उभी पट्टी ० ते १०० आहे. डाव्यात ० ते ३०. वेग कमी असला की आम्ही स्केल खाली आणतो, नाहीतर लाट बेसलाइनला चिकटून दिसेनाशी होते. त्यामुळे कागदावर ७२ ची लाट आणि २४ ची लाट एकाच उंचीच्या झाल्या. प्रत्यक्षात एक दुसरीच्या तिप्पट आहे.

त्याहून महत्त्वाची खालची पट्टी. ती वेळेची. प्रत्येक सेकंदाला एक मोठी खूण असते. घरात साधी फूटपट्टी असेल ना? मूळ प्रिंटवर दोन मोठ्या खुणांमधलं अंतर मोजा, दोन्ही फोटोंत वेगवेगळं. मग लाट जिथून वर उठते तिथपासून तिच्या टोकापर्यंत आडवं किती अंतर जातं ते मोजा. तिरकं मोजू नका, आडवंच.

निपाणीचा_सुहास

पोराच्या कंपासमधली पट्टी घेतली.

उजवा: एक सेकंद म्हणजे ४० मिमी. चढ ३ मिमी.
डावा: एक सेकंद म्हणजे २० मिमी. चढ ४ मिमी.

दोन्ही फोटोंत सेकंद वेगळा निघाला की हो! हे लक्षातच आलं नसतं.

रेडिओवाली

हेच हवं होतं. उजवीकडे ४० मिमीला १००० मिलिसेकंद, म्हणजे १ मिमीला २५. चढ ३ मिमी, म्हणजे ७५ मिलिसेकंद. डावीकडे १ मिमीला ५० मिलिसेकंद, चढ ४ मिमी, म्हणजे २०० मिलिसेकंद. फूटपट्टीने अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच, म्हणून उजवा फार तर ९० पर्यंत जाईल, डावा १७५ पर्यंत खाली येईल. तरी अंतर मोठंच राहतं. पावलातल्या धमन्यांत साधारण १२० मिलिसेकंदांपर्यंतचा चढ चांगला धरतात, १८० च्या पुढे गेला की रक्त अडखळत पोचतंय असं समजतात.

हृदय आकुंचन पावलं की धक्का निघतो. वाट मोकळी असेल तर तो पावलापर्यंत जसाच्या तसा येतो, म्हणून लाट एकदम उभी चढते आणि टोक अणकुचीदार असतं. वाटेत मोठा अडथळा असला की रक्त अरुंद जागेतून आणि आजूबाजूच्या लहान पर्यायी वाहिन्यांतून हळूहळू झिरपतं. मग लाट सावकाश चढते, टोक गोल होतं, उंची घटते. डावा फोटो तसाच आहे. उजवा नाही, त्याचं टोक तुम्ही बोट लावून बघा, टोचेल असं वाटतं.

उगारचा_इन्स्ट्रुमेंटवाला

कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, त्यामुळे धागा वाचायला मजा आलीय. एक शंका. उजवीकडे वाट मोकळी आहे म्हणता, तर मग तिथे ट्रायफेजिक का नाही? आणि मुळात नॉर्मल लाटेत रक्त उलटं का जातं? पायाकडे जाणारं रक्त मध्येच माघारी फिरणं मला नॉर्मल वाटत नाही.

रेडिओवाली

प्रश्न आवडला, कारण उत्तर तुमच्याच खात्यातलं आहे. लांब पाइपच्या शेवटी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून पंपाने एक ठोका मारला, तर पाणी तिथे आपटून थोडं मागे फिरतं. पायाचं तसंच. माणूस निवांत पडलेला असताना पायाच्या स्नायूंना रक्त फारसं लागत नाही, म्हणून टोकाच्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात. ठोका येतो, लाट वर जाते, टोकाला अडते, क्षणभर रक्त मागे येतं आणि लाट बेसलाइनच्या खाली उतरते. मग धमनीची लवचीक भिंत ते पुन्हा जरासं पुढे ढकलते. झाले तीन टप्पे. म्हातारपणी भिंत ताठर झाली की तो तिसरा छोटा टप्पा पुष्कळांचा नाहीसा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता टोकाचा व्हॉल्व्ह उघडला तर? मागे फिरायला कारणच उरत नाही, दोन ठोक्यांच्या मधेसुद्धा रक्त पुढेच वाहत राहतं. लाट पूर्ण बेसलाइनच्या वर, म्हणजे मोनोफेजिक.

हा व्हॉल्व्ह दोन वेगळ्या कारणांनी उघडतो. डाव्या पायात वरून रक्त कमी येतंय, पाऊल उपाशी आहे, म्हणून शरीराने टोकाच्या वाहिन्या सताड उघडल्यात. उजव्या पायात जंतुसंसर्ग आहे, आणि संसर्गामुळेही त्याच वाहिन्या उघडतात. म्हणून तर पाऊल लाल आणि गरम आहे. जोरात चालून आल्या आल्या निरोगी माणसाचा पाय तपासला तरी लाट अशीच दिसते. तेव्हा मोनोफेजिक दोन्हीकडे आहे, पण टोक उघडं असल्याची खूण तेवढी ती झाली. वरची वाट बंद आहे की नाही ते चढावरून कळतं.

खानापूर_फार्मा

मॅडम, तुमचं मान्य, पण रिपोर्टमध्ये ‘मोनोफेजिक’ लिहिलेलं बघून डॉक्टर औषधं लिहितात आणि ते आमच्याकडे येतात. मोनो म्हणजे ब्लॉक नाही असं सांगितलं तर लोक घरी बसतील. आणि १.०८ चं काय? ते नॉर्मलच आहे ना? की मशीनचं प्रेशरपण खोटं?

रेडिओवाली

घरी बसा असं मी कुठे म्हटलं? डावीकडे मोनो आहे आणि तिथे बहुधा अडथळाही आहे, तेवढं तुमचं बरोबरच आहे.

१.०८ बद्दल. घोट्याचं प्रेशर मोजताना कफ फुगवून धमनी दाबून बंद करावी लागते, आणि कितीला बंद झाली ते बघायचं असतं. जुन्या शुगरमध्ये गुडघ्याखालच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो. अशी धमनी सहज दबत नाही, कफला जास्त जोर लावावा लागतो आणि प्रेशर आहे त्यापेक्षा जास्त निघतं. उजवीकडे १.४ च्या वर गेलं ते त्यामुळेच. डावीकडेही भिंती तशाच असणार. खरं ०.७ असेल तर चुन्यामुळे ते १.०८ दिसू शकतं. नॉर्मल आकड्याच्या आड अडथळा लपतो तो असा. लाट बघताना काही दाबावं लागत नाही, म्हणून चुन्याने तिचा चढ असा झाकला जात नाही.

चिकोडीचे_काका

सर्जरीतून निवृत्त झालोय, वाचतो सगळं, लिहितो कमी. बाईंचं विवेचन चोख आहे. पण एक मुद्दा राहिला. चढ सावकाश होण्याचा दोष हृदयावरही जाऊ शकतो. महाधमनीची झडप अरुंद असली की सगळ्याच अंगात लाट सावकाश चढते. म्हाताऱ्या माणसात तो विचार आधी करावा.

रेडिओवाली

बरोबर काका, आणि इथे तो विचार उजव्या पायानेच निकालात काढलाय. हृदय एकच आहे. झडपेचा दोष असता तर उजवी लाटही सावकाश चढली असती. ती ७५ मध्ये चढते. म्हणजे डावीकडची गडबड दोन पायांच्या वाटा वेगळ्या झाल्यानंतरची आहे.

ती कुठे आहे हेसुद्धा रिपोर्टातून निघतं. डाव्या जांघेत ट्रायफेजिक, वेग १०५. म्हणजे पोटातली महाधमनी आणि डावी इलियॅक इथवर निवांत अवस्थेत तरी मोठी अडचण नाही. पुढे मांडीत वर ८५ आणि खाली एकदम २९०. एवढंच रक्त अरुंद जागेतून काढायचं तर वेग वाढणारच. २९० भागिले ८५, म्हणजे साधारण ३.४. दुपटीच्या वर गेलं की निम्म्याहून जास्त अरुंद मानतात, चौपटीच्या वर गेलं की पाऊण किंवा अधिक. ३.४ दोन्हींच्या मधे आहे. त्याच्या खाली पॉप्लिटियलला ३८ आणि मोनोफेजिक. वर उड्या मारणारं रक्त त्या जागेनंतर थंड पडलंय. मांडीचा हा खालचा भाग, धमनी स्नायूंच्या बोगद्यातून गुडघ्यामागे जाते तिथला, बिडी-सिगरेटवाल्यांमध्ये अरुंद होणारी नेहमीची जागा आहे. त्याने दुखते ती पोटरीच. आबांचं चालताना थांबणं या चित्रात नीट बसतं.

उजवीकडे ९०-९५ सरळ खाली येतं, कुठेही उडी नाही.

उगारचा_इन्स्ट्रुमेंटवाला

२९० वर माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडे पाइपवर लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर आहे, तो चुकीच्या कोनात बसला की वाट्टेल ते रीडिंग देतो. तुमच्याकडे कोन कोण ठरवतं?

रेडिओवाली

हाताने ठरवतो, आणि तिथे गोंधळ होतोही. स्क्रीनवर एक छोटी रेघ असते, ती धमनीच्या भिंतीला समांतर करायची. मशीन त्या कोनाच्या कोसाइनने भागून वेग काढतं. नियम असा की कोन ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

समजा खरा कोन ६० होता आणि रेघ ७० वर ठेवली गेली. कोसाइन ०.५ ऐवजी ०.३४ धरला जाईल आणि वेग जवळपास दीडपट फुगेल. म्हणजे २९० मुळात २०० च्या आसपास असू शकतो. तरी २०० भागिले ८५ म्हणजे २.३ होतं, दुपटीच्या वरच राहतं. सुहास, त्या २९० च्या फोटोत कोन किती छापलाय आणि रेघ भिंतीला समांतर आहे का ते बघा.

कोनाच्या चुकीने लाट उंच किंवा बुटकी होते, पण चढायला लागणारा वेळ बदलत नाही, कारण आडव्या पट्टीचा कोनाशी संबंधच नाही. त्यामुळे २९० वर शंका घेतली तरी खालचे २०० मिलिसेकंद उभे राहतात.

एक गोष्ट मात्र मशीनवर बसलेला माणूस बिघडवू शकतो. वॉल फिल्टर नावाचं एक बटण असतं, भिंतीच्या हालचालीचा खडखडाट गाळायला. ते जास्त वर ठेवलं तर बेसलाइनलगतचे मंद वेगही गाळले जातात. उलटा गेलेला छोटा टप्पा पुसला जातो आणि चांगली ट्रायफेजिक लाट मोनोफेजिक होऊन छापली जाते. ओळखायची कशी, तर बेसलाइनच्या दोन्ही अंगाला काळी स्वच्छ पट्टी दिसते, लाट बेसलाइनला टेकतच नाही.

निपाणीचा_सुहास

बघितलं. २९० च्या फोटोत कोन ६० छापलाय, रेघ समांतर वाटते. त्या लाटेच्या पोटात काळी जागाच नाही, सगळी पांढरी भरलेली. जांघेतल्या लाटेत मात्र फक्त कड चमकते आणि आत काळं आहे. पावलांच्या दोन्ही लाटा बेसलाइनला टेकलेल्या आहेत, मधे काळी पट्टी नाही.

रेडिओवाली

मग २९० वर मी तरी शंका घेणार नाही. सरळ वाहणाऱ्या रक्तात बहुतेक पेशी एकाच वेगाने जातात, म्हणून कड उजळ आणि पोट काळं. अरुंद जागेत आणि तिच्या लगेच पुढे रक्त घुसळतं, सगळ्या वेगांच्या पेशी एकाच वेळी सापडतात आणि पोट भरून जातं. गेन फार वाढवला तरी पोट भरतं, पण मग मागची सगळी पाटीच करडी, खवखवीत दिसते.

चिकोडीचे_काका

डावीकडचं ठरलं म्हणायला हरकत नाही. माझा रोख उजवीकडे आहे, कारण बोट वाचवायचंय ते उजवीकडचं. बाई, डॉर्सालिस पेडिस चांगली चालते म्हणून अंगठ्याला रक्त पोचतं, एवढं तुम्ही म्हणाल का? शुगरवाल्यांत पावलापर्यंत छान येऊन बोटाच्या धमन्या बुजलेल्या मी किती तरी पाहिल्यात. आणि रिपोर्टमध्ये मागची धमनी, पोस्टीरिअर टिबियल, कुठे आहे?

रेडिओवाली

नाही म्हणणार, काका. चांगला चढ मोजल्या जागेपर्यंतची वाट मोकळी असल्याचं सांगतो, पुढच्या बोटाचं सांगत नाही. त्यासाठी बोटाचं प्रेशर हवं, बोटाच्या धमन्यांत चुना कमी असतो म्हणून ते जास्त खरं येतं. ३० च्या खाली आलं तर जखम भरणं अवघड समजायचं. पोस्टीरिअर टिबियलचा फोटो माझ्याही नजरेला पडला नाही. सुहास, रिपोर्टमध्ये काही आहे का?

निपाणीचा_सुहास

नुसतं लिहिलंय, पोस्टीरिअर टिबियलमध्ये प्रवाह दिसतो. वेगही नाही, फोटोही नाही.

चिकोडीचे_काका

झालं! तळपायाला तीच पोसते. पाऊल सुजलेलं, घोट्याच्या आतल्या बाजूला प्रोब टेकवला की माणूस ओरडतो, म्हणून घाईत सोडून दिली असेल. समजू शकतो, पण हवी होती.

आणखी एक. संसर्गाने व्हॉल्व्ह उघडलेला असताना उजवीकडची लाट आहे त्यापेक्षा चांगली दिसते असं माझं मत आहे. प्रवाह वाढलेला असतो, वेग फुगतो. खाली मध्यम अडथळा असला तरी ७२ दिसू शकतो.

रेडिओवाली

वेगाबद्दल तुमच्याशी सहमत. चढाबद्दल अर्धीच सहमत. मोठा अडथळा असता तर चढ ७५ चा राहिला नसता, प्रवाह कितीही वाढू दे. मध्यम अडथळा मात्र यातून सुटू शकतो, ते खरं. लाली उतरल्यावर तोच पाय, त्याच जागी, त्याच स्केलवर पुन्हा बघितला पाहिजे. तेव्हा लाट बेसलाइनखाली जायला लागली तर आत्ताचं मोनोफेजिक संसर्गाचंच होतं. नाही गेली, तर काका म्हणतात तसं काहीतरी आहे, किंवा नुसत्या ताठर भिंती आहेत. आजच्या कागदावरून मी पैज लावणार नाही.

सुमनमावशी_संकेश्वर

मोजे नकोत ते कळालं बाबा. पण मग माझ्या रिपोर्टात ‘फेजिक’ का लिहिलंय? मलापण धमनीचा आजार आहे की काय?

रेडिओवाली

नाही मावशी. शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त होतो, तिथे फेजिक म्हणजे चांगलं. ते वेगळं प्रकरण, निर्धास्त राहा. मोजे तुम्ही घाला.

खानापूर_फार्मा

२०२० मध्ये अमेरिकेतल्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर मेडिसिन आणि सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड या दोन संस्थांनी मिळून लाटांची नावं ठरवली, असं आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी आत्ता सांगितलं. त्यात म्हणे ट्रायफेजिक आणि बायफेजिक एकत्र करून मल्टीफेजिक केलंय. आणि मोनोफेजिकला पुढे शेपूट लावायची, चढ जलद की सावकाश, रोध कमी की जास्त. मग आपल्याकडे तसं का लिहीत नाहीत?

रेडिओवाली

लिहायला हवं. काही जण लिहितात. बाकीचे रांगेत वीस पेशंट असताना साचा भरतात, आणि साच्यात ती शेपूट नसते. तुमच्या दुकानात पुढचा मोनोफेजिक रिपोर्ट आला की चढ कसा आहे एवढं विचारा, फार उपकार होतील.

निपाणीचा_सुहास

डॉक्टरांना भेटून आलो. आधी जरा रागावले, नेटवर काय काय वाचता म्हणून. मग प्रिंट आणि फूटपट्टीचे आकडे दाखवल्यावर स्वतःच सेंटरला फोन लावला. तिथल्या रेडिओलॉजिस्टनी साठवलेल्या चित्रांवर मशीनमध्येच मोजून सांगितलं, उजवा ८०, डावा २१०. रिपोर्टला पुरवणी जोडून देतो म्हणाले. पोस्टीरिअर टिबियलचा फोटो घेतलेलाच नव्हता, त्यासाठी परत बोलावलंय.

उजवीकडची अँजिओग्राफी सध्या नाही. आबांना दाखल केलंय, जखम साफ केली, पू निघाला, अँटिबायोटिक शिरेतून चालू आहे. डावीकडच्या अरुंद जागेचं बोलले, पण क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्यामुळे रंगद्रव्याची सीटी लगेच नको, आधी किडनीचा अंदाज घेऊ. डावीकडे जखम नाही, रात्री झोपेत दुखत नाही, म्हणून घाई नाही असं त्यांचं मत. आमचा मोठा भाऊ म्हणतोय की एवढं निघालंय तर आत्ताच करून टाका. घरात त्यावरून जुंपलीय.

बोटाचं प्रेशर मोजायचं यंत्र त्या सेंटरला नाही. दुसरीकडे चौकशी करतोय.

चिकोडीचे_काका

भावाला सांगा, पोटरी चालताना दुखते एवढ्यावर कोणी धमनीत तार घालायला पळत नाही. बिडी बंद ठेवून, औषधं घेऊन, रोज दुखेपर्यंत चालून बरेच जण अंतर वाढवतात. अर्थात चालणं उजवी जखम भरल्यावर. तोवर त्या पायावर वजन नको.

खानापूर_फार्मा

काका, पण पाऊण धमनी बंद असताना वाट बघायची? मला नाही पटत.

रेडिओवाली

पाऊण आहे असं कुणी म्हटलेलं नाही, ३.४ आहे. आणि वाट बघायची की नाही हा निर्णय डॉपलर देत नाही. सुहास, परत तपासणीला जाल तेव्हा आबांना आधी पंधरा-वीस मिनिटं पडून राहू द्या, रिक्षातून उतरून थेट टेबलावर नको. खोली थंडगार असेल तर पायावर चादर मागा, गारठ्याने टोकाच्या वाहिन्या आवळतात आणि लाट बदलते. दोन्ही पावलांचे फोटो एकाच वेळपट्टीवर घ्यायला सांगा.

निपाणीचा_सुहास

लिहून घेतलं. लाली रेघेच्या आत दोन बोटं सरकलीय. पोस्टीरिअर टिबियलचा फोटो आला की पट्ट्यांसकट इथेच टाकतो.